गोधडी तीच, जागा दुसरी

शंकेखोर : बारा महिन्यांचे बारा फोटो, एकाच गोधडीवर, एका चौकटीत. पाहिले मी, आणि खरं सांगते, गोड वाटले. पण ह्यात मुलीची वाढ स्वच्छ दिसते असं तू म्हणालास, तिथं मी अडले. मला तर पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ती सारख्याच आकाराची दिसली. वरच्या कडेला डोकं, खालच्या कडेला पाय. पहिल्या महिन्यातही तसंच आणि सहाव्यातही तसंच. जावळ दाट झालं, चेहरा भरला, दात आले, हे सगळं कबूल. पण जिला आपण वाढली म्हणतो, ती वाढली कुठं?

हौशी : मावशी, तू भिंतीवरचा तक्ता पाहिलास आणि त्या तक्त्यातली चूक माझीच आहे. फोटो जोडणाऱ्या अ‍ॅपनं प्रत्येक फोटोत मुलगी मधोमध आणून चौकट भरून टाकली. मलाही तेव्हा ते नीटनेटकं वाटलं. बाळ लहान असेल तर जास्त कापायचं, मोठं झालं की कमी कापायचं, म्हणजे बाराही चौकटी भरलेल्या. वर्षभर जपलेली गोष्ट मी शेवटच्या पाच मिनिटांत पुसली. पण मूळ फोटो आहेत. ते लावताना मुलीकडे बघायचंच नाही, गोधडीच्या ठिगळांकडे बघायचं. ठिगळाचं माप सगळ्या फोटोंत एकसारखं येईल असं कापायचं, मग मुलगी आपोआप आपल्या खऱ्या आकारात बसते. पहिल्या महिन्यात ती अडीच ठिगळांत मावते आणि भोवती गोधडीचं मैदान पसरलेलं असतं. सहाव्या महिन्यात तीन ठिगळं पूर्ण व्यापते. त्या रिकाम्या मैदानातच वाढ दिसते. चौकट भरायची हौस आधी सोडायला हवी.

शंकेखोर : बरं, म्हणजे गोधडी ही तुझी मोजपट्टी. मग मोजपट्टीबद्दल विचारते. ठिगळं केवढी आहेत? आणि वर्षभरात ती धुतलीस किती वेळा? सुती कापड आटतं.

हौशी : सासूबाईंनी जुन्या नऊवारींची शिवलेली आहे. प्रत्येक ठिगळ एक वीत चौरस, मी मोजलं तेव्हा २२ सेंटीमीटर भरलं. धुतली निदान आठ वेळा, कारण बाळाच्या गोधडीचं नशीबच ते. पण लुगडी आधीच वीस-पंचवीस वर्षं धुतलेली होती, आटायचं ते केव्हाच आटून गेलं होतं. वर्षाअखेर पुन्हा मोजलं, अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नव्हता. नव्या कोऱ्या कापडाची असती तर तुझी शंका शंभर टक्के खरी ठरली असती.

शंकेखोर : पण तू तर म्हणतोस एकच जागा. मुलगी झाली कोल्हापूरला, ऑक्टोबरमध्ये. बाळंतपणाला सूनबाई माहेरी होती, पुण्याला आली फेब्रुवारीत. पहिले तीन फोटो कोल्हापूरच्या माजघरातले, बाकीचे तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधले. ही एक जागा कशी?

हौशी : हाच प्रश्न मला पहिल्या महिन्यापासून सतावत होता. आपल्याकडे बऱ्याच घरांत हे असंच होतं. लेक माहेरी, तीन महिने आजीकडे, मग सासरी. ज्यांना खिडकीजवळची तीच खुर्ची, तीच भिंत असं जमतं, त्यांचं जमो. मी ठरवलं की जागा म्हणजे पत्ता नव्हे. जागा म्हणजे तीन गोष्टींचं आपसातलं नातं : बाळाखाली काय आहे, कॅमेरा किती अंतरावर आहे आणि उजेड कुठून येतो. ही तीन जुळली तर कोल्हापूर आणि पुणे एक. ही तीन बिघडली तर त्याच भिंतीसमोर, त्याच खुर्चीत काढलेले दोन फोटोही दोन वेगळ्या जागचे. अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यानं आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचे फोटो १९७५ पासून दरवर्षी काढले. जागा बदलत राहिल्या. त्यानं काय कायम ठेवलं, तर चौघींच्या उभं राहण्याचा क्रम. तेवढ्या एका धाग्यावर सगळी मालिका उभी आहे.

शंकेखोर : त्या चौघी काही बाळं नव्हत्या. त्यांची उंची फारशी वाढत नव्हती, म्हणून अंतर इकडचं तिकडे झालं तरी बिघडत नव्हतं. तुला आकार दाखवायचा आहे. अंतर कसं ठेवलंस ते सांग.

हौशी : निजलेल्या बाळाचा फोटो वरून घ्यावा लागतो. गोधडी गादीवर नाही, जमिनीवर, सतरंजी घालून, कारण गादीत बाळ दर महिन्याला जास्त रुततं आणि भोवतीचं कापड ओढलं जातं. मी बाळाच्या बगलेला उभा राहायचो, दोन्ही पाय ठरलेल्या ठिगळाच्या कडेला. कोपर अंगाला चिकटवून फोन हनुवटीसमोर धरला की भिंग जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येतं. माझी उंची काही वर्षभरात बदलली नाही, म्हणून हीच माझी घोडी. झूम नेहमी दोन पट. ते बोटांनी चिमटून नाही, २ चं बटण दाबून. एक पटीनं घेतलं तर सगळी खोली येते आणि मग माणूस खाली वाकतो. वाकला की भिंग बाळाच्या फार जवळ जातं आणि बाळाचं डोकं भोपळ्यासारखं येतं. दुसऱ्या महिन्यात माझं तसंच झालं. फोनची दोरी मनगटात अडकवलेली असायची, कारण तो निसटला तर थेट बाळावर पडेल.

शंकेखोर : दोरीचं बरं केलंस. पण बाळाचे पाय? महिन्याभराचं बाळ बेडकासारखे पाय पोटाशी घेऊन पडतं. दवाखान्यात लांबी मोजताना एक जण डोकं फळीला टेकवतो, दुसरा गुडघे हलके दाबून पाय सरळ करतो, तेव्हा खरा आकडा मिळतो. तुझ्या फोटोत लांबी नाहीच मुळी. बाळ त्या दिवशी किती आखडलं होतं ते आहे.

हौशी : लांबीचा आकडा मला फोटोतून काढायचाच नाही. तो बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर आहे. मला दिसायला हवा तो फरक. तो पहिल्या सहा महिन्यांत इतका दांडगा असतो की पाय आखडलेले असले तरी लपत नाही.

शंकेखोर : पहिल्या सहा महिन्यांचं मान्य. तिथं मी भांडत नाही. मी आता पुढच्या सहा महिन्यांवर येते, कारण तुझी खरी अडचण तिथं आहे आणि तुला ती दिसलेली नाही. मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं गणित सहन कर. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली मुलांच्या वाढीची जी मानकं काढली, ती सहा देशांतल्या मुलांवरून काढली होती, त्यात आपली दिल्लीची मुलंही होती. त्यात मुलींची सरासरी बघ. जन्मतः ४९ सेंटीमीटर, तिसऱ्या महिन्याला ६०, सहाव्याला ६६, वर्षाला ७४. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत ११ सेंटीमीटर, पुढच्या तिनांत ६ आणि नंतरच्या अख्ख्या सहा महिन्यांत जेमतेम ८. सहाव्यापासून बाराव्यापर्यंत मूल बारा-तेरा टक्क्यांनी वाढतं. आता तुझ्या सातव्या महिन्यापासूनचे फोटो समोरून आहेत, ती बसलेली आहे. कॅमेरा किती लांब होता?

हौशी : दीड मीटर. फरशीवर चिकटपट्टीची खूण केली होती. फोन तिच्या छातीच्या उंचीला, चौरंगावर पुस्तकं रचून.

शंकेखोर : खूण तुझ्या फोनसाठी होती. मुलीसाठी नव्हती. बसलेलं मूल पुढं झुकतं, सरकतं, तुझ्याकडे यायला बघतं. ती वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर पुढं आली असं धर. दीडशेचं अंतर एकशेतीस झालं. दीडशेला एकशेतीसनं भाग. पंधरा टक्के मोठी. सहा महिन्यांच्या वाढीपेक्षा एका क्षणातलं सरकणं जास्त! आणि ती मागं रेलली तर तशीच लहान दिसणार. मग तुझ्या नवव्या महिन्यात ती आठव्यापेक्षा बारीक दिसते, ती काय आजारी होती म्हणून? मागं बसली होती म्हणून. ह्याला वाढीची मालिका म्हणायचं?

हौशी : आठवा आणि नववा शेजारी ठेवून बायकोनं मला अगदी हेच विचारलं होतं. मी उजेडाला दोष दिला.

शंकेखोर : उजेडाचाही दोष असेलच. पण आधी भागाकार कर.

(इथं लिहिणाऱ्याला राहवत नाही. आमच्या घरच्या जुन्या अल्बमात तीन भावंडांचे वर्षाचे फोटो एकाच स्टुडिओतल्या एकाच वेताच्या खुर्चीवरचे आहेत. खुर्चीच्या पाठीचे वेढे मोजले की कोण बारकं होतं हे आजही कळतं, कारण पाठ टेकून बसल्यावर पुढं सरकायला जागाच नव्हती. स्टुडिओवाल्याला हे ठाऊक होतं की फक्त खुर्ची स्वस्त होती, ते आता विचारता येणार नाही.)

हौशी : त्यावर उपाय मला उशिरा सुचला, दहाव्या महिन्यात. लांब जायचं. हॉलचं दार उघडं टाकून मी बेडरूममध्ये उभा राहिलो, तीन मीटरवर, आणि झूम वाढवलं. आता ती वीतभर पुढं आली तरी तीनशेचे दोनशेऐंशी होतात, फरक सात टक्क्यांवर येतो. शिवाय ती माझ्याकडे यायला निघाली की मधे वेळ मिळतो. पाठ भिंतीला टेकवून बसवलं की आणखी कमी. गोधडी अर्धी भिंतीवर टांगली, अर्धी जमिनीवर, म्हणजे ठिगळं तिच्या पाठीशीच येतात.

शंकेखोर : सात टक्के म्हणजे अजूनही निम्मी वाढ झाकली जाते. आणि दहाव्या महिन्यात पद्धत बदलली की नवव्याशी तुलना संपली. तू मान्य कर की सहाव्यानंतर फोटोत आकार दिसत नाही. दिसतं ते दुसरंच. बसणं, रांगणं, धरून उभं राहणं.

हौशी : मान्य. मी तर म्हणतो ह्या दोन मालिका आहेत. पहिली निजलेली, वरून घेतलेली, त्यात आकार वाढतो. दुसरी बसलेली, समोरून घेतलेली, त्यात अंग सावरायचं बळ वाढतं. चूक झाली ती दोन्ही एका दोऱ्यात ओवल्याची. सहाव्यातून सातव्यात जाताना कॅमेरा छतावरून जमिनीवर उतरतो आणि पाहणाऱ्याला वाटतं मुलगीच बदलली. पुन्हा करायचं झालं तर सहाव्या महिन्यात एकाच दिवशी दोन्ही फोटो घेईन, वरून निजलेली आणि समोरून टेकून बसलेली. तो सांधा. आणि बाराव्या महिन्यात झोपेत असताना पुन्हा एकदा वरून, त्याच ठिगळांवर. तो एक फोटो पहिल्याच्या शेजारी ठेवला की मधले दहा नसले तरी चालतं.

शंकेखोर : सहाव्यात टेकून बसलेली म्हणालास. आणि पाचव्यातला तो फोटो? दोन्ही बाजूंनी लोड, मागं उशी, आणि मधे मान वाकडी करून बसवलेलं पोर. ते कशासाठी?

हौशी : तुलनेपायीच. भावाची मुलगी पाचव्यात बसत होती.

शंकेखोर : बघ, म्हणजे मालिका तुला मूल दाखवत नव्हती, तूच मालिकेला मूल पुरवत होतास. त्याच मानकांमध्ये आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत पसरलेला आहे, एकट्यानं चालण्याचा आठव्यापासून थेट साडेसतराव्यापर्यंत. हात-गुडघ्यांवर रांगण्याची पायरी काही निरोगी मुलं गाळूनच पुढं जातात. पण तुझ्या तक्त्यात बारा खण आहेत आणि प्रत्येक खणाला काहीतरी नवं हवं. निसर्गाला एवढा ऐसपैस वेळ चालतो, पण तुझा खण तीस दिवसांत भरायला हवा. उद्या हा तक्ता पाहून दुसरी आई घाबरेल आणि तिच्या पोराला लोड लावेल.

हौशी : लोडाचा फोटो मी काढून टाकला आहे, त्या जागी त्याच आठवड्यातला पालथी पडलेली असतानाचा लावला. पण तुझा रोख खणांवर आहे आणि तिथं मी अडून बसणार. महिना हा ठरलेला नसता तर मी फोटो कधी काढला असता? ती हसली की, बसली की, नवं झबलं घातलं की. म्हणजे नवल घडलं तेव्हाच. मग वाढीचे सगळे फोटो नवलांचेच झाले असते. ११ तारीख आली म्हणून काढला, तेव्हा काहीच न घडलेले महिनेही आले. चौथा महिना बघ, त्यात काहीही नाही. ती नुसती पडली आहे आणि स्वतःच्या हाताकडे बघते आहे. खण नसता तर हा फोटो नसता.

शंकेखोर : तारखेचं एवढं काटेकोर पाळलंस?

हौशी : नवव्यात हुकलं. त्याच दिवशी गोवर-रुबेलाची लस होती, रडून डोळे सुजले होते. दोन दिवस थांबलो. त्या वयात दोन-तीन दिवसांनी मिलिमीटरभराचा फरक पडतो, कोणाला दिसणार? पहिल्या दोन महिन्यांत मात्र मी तारीख चुकवणार नाही, तेव्हा आठवड्यात सेंटीमीटरभर वाढ असते.

शंकेखोर : आणि उजेड? तू त्याला दोष दिलास म्हणून विचारते.

हौशी : कोल्हापूरच्या माजघराला उत्तरेची खिडकी. तिथं दिवसभर एकसारखा, मऊ उजेड. पुण्याच्या हॉलला दक्षिणेची. फेब्रुवारीत अकरा वाजता उन्हाची तिरीप थेट गोधडीवर आली, मुलगी डोळे मिटून. मे महिन्यात त्याच खिडकीतून, त्याच अकराला ऊन आत येईना.

शंकेखोर : येणार कसं? पुण्यात मे-जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला खाली उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत घुसतो. घड्याळ तेच ठेवलं तरी ऊन तेच राहत नाही.

हौशी : म्हणून नंतर खिडकीला जुनं पांढरं धोतर लावलं. पावसाळ्यातले चार महिने धोतर काढलं. मुलीच्या कपाळावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करायचो, तरी लाल झबलं घातलं की फोन त्वचेचा रंगच बदलतो. म्हणून मग झबलंही एकच केलं. बाराव्या महिन्याच्या मापाचं पांढरं, पहिल्या महिन्यापासून. सुरुवातीला ती त्यात हरवली होती, बाह्या हातांच्या पुढं लोंबत होत्या. शेवटी ते दंडाला घट्ट बसलं. तुझा भागाकार इथं चालत नाही बघ. ती पुढं आली की झबलंही तिच्याबरोबर पुढं येतं.

शंकेखोर : हे मात्र चोख आहे. मोजपट्टी मुलीच्या अंगावरच हवी, मागच्या भिंतीवर नाही. तुझ्या गोधडीपेक्षा झबलं खरं. थांब, मूळ फोटो दाखव ना, न कापलेले. हे काय आहे कडेला, तिच्या काखेपाशी?

हौशी : हात. ती बसलेली असताना कोणीतरी कायम पाठीशी हात धरून असायचं, पडू नये म्हणून. निजलेली असतानाही लोळली तर अडवायला. तक्त्यात मी ते खोडून टाकले. अ‍ॅपमध्ये बोट फिरवलं की जातात, मागं गोधडी भरून येते.

शंकेखोर : अरे, वर्षभर ज्याचं माप बदललं नाही अशी मुलीच्या अगदी अंगालगतची एकच वस्तू होती आणि ती तू खोडलीस? ठिगळ तिच्या खाली, झबलं धुऊन सैल होणारं, पण मोठ्या माणसाचा पंजा तेवढाच राहतो. तिच्या कुशीला टेकलेला. ती पुढं आली तर हातही पुढं. पहिल्या महिन्यात तळहात तिच्या अख्ख्या पाठीएवढा आहे बघ. आणि इथं, अकराव्यात, दोन खांद्यांमध्येही पुरत नाही.

हौशी : लोकांना हात नको असतो फोटोत. बाळ एकटं हवं असतं.

शंकेखोर : एकटं बाळ असतं का कधी? बरं ते जाऊ दे. हात बाराही फोटोंत आहे?

हौशी : मूळ नऊ आहेत. तिनांवर मी खोडलेलंच जतन केलं, त्यात आता हात परत येत नाही. आणि मावशी, हा हात एकाच माणसाचा नाही. पहिले तीन महिने कोल्हापूरला, तो सासूबाईंचा. हिरव्या बांगड्या बघ. चौथ्यापासून हिचा.

शंकेखोर : मग मोजपट्टी मधेच बदलली.

हौशी : सासूबाईंचे पंजे मोठे आहेत. किती, ते कधी पाहिलं नाही.

शंकेखोर : दोघींचे हात शेजारी ठेवून मोजावे लागतील. पुढच्या खेपेला कोल्हापूरला जाशील तेव्हा पट्टी घेऊन जा.

हौशी : आणि सासूबाईंना काय सांगू, कशासाठी मोजतोय?

शंकेखोर : ते तूच ठरव. गोधडी त्यांनीच शिवली ना? तू वीत म्हणालास, ती भरली बावीस. ती वीत कोणाची होती?